भरती पोचते तिथवर

मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कसाऱ्याच्या गाडीपुढे 'एन' हे अक्षर लागतं आणि कर्जतच्या गाडीपुढे 'एस'. रोजचा प्रवासी या अक्षरांचा अर्थ विचारत बसत नाही. त्याला बसायला जागा हवी असते. ही अक्षरं दिशा दाखवतात. एक गाडी ईशान्येला जाते, दुसरी आग्नेयेला. सीएसएमटीपासून दोघी एकाच वाटेनं येतात आणि कल्याण सोडलं की त्यांचं पटेनासं होतं. एक शहाडकडे वळते, दुसरी विठ्ठलवाडीकडे. हा फाटा रेल्वेच्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून आखला असं वाटतं, पण त्यांनी फक्त रूळ टाकले. फाटा तिथं आधीपासून होता, किमान दोन हजार वर्षं.

तो का होता हे कळायला रस्ते विसरून आधी नद्या पाहाव्या लागतात. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या अंगानं खाली उतरते आणि कर्जत, बदलापूर करत उत्तरेकडे येते. काळू येते माळशेज-हरिश्चंद्रगडाच्या कड्यांखालून, टिटवाळ्याला वळसा घालून. भातसा येते थळ घाटाच्या, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूनं, वासिंद-खडवलीवरून. तीन दिशांना उगम पावलेल्या या नद्यांचं पाणी कल्याणच्या थोडं वर एकत्र होतं. आता या तिन्हींच्या माथ्याशी काय आहे ते पाहा. उल्हासच्या माथ्याशी बोरघाट, काळूच्या माथ्याशी नाणेघाट आणि माळशेज, भातसाच्या माथ्याशी थळघाट. सह्याद्रीची भिंत उत्तर कोकणात जिथं जिथं जनावर चढवता येईल इतकी मोडलेली आहे, तिथं तिथं खाली एक नदी आहे आणि तिचं खोरं कल्याणकडे उतरतं.

घाट उतरून आलेल्या माणसाला नदीच्या काठानं चालण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन्हीकडे डोंगरांच्या सोंडा आलेल्या असतात, मधे झाडी असते, आणि सपाट म्हणावी अशी जमीन फक्त खोऱ्याच्या तळाशी. त्यामुळे नाशिकहून निघालेला तांडा, जुन्नरहून निघालेला तांडा आणि मावळातून निघालेला तांडा एकमेकांशी काही न ठरवता एकाच गावच्या वेशीत येऊन पोचायचे. पण मग ते तिथंच का थांबायचे? समुद्र अजून चाळीसेक किलोमीटर लांब होता.

कारण समुद्रच तिथवर यायचा. वसईच्या खाडीतून आत शिरलेली भरती ठाण्याच्या उत्तरेनं वळून कल्याणपर्यंत चढते. त्याच्या वर उल्हास ही गोड्या पाण्याची नदी. खाली ती खाडी. गलबत किंवा पडाव वसईला मुखाशी येऊन भरतीची वाट पाही. पाणी चढू लागलं की त्याच्या जोरावर आत यायचं, एका भरतीत साधलं नाही तर मधे नांगर टाकून पुढची भरती धरायची. परतताना माल भरून ओहोटीबरोबर खाली. म्हणजे वल्ह्यांचं आणि वाऱ्याचं निम्मं काम चंद्र करत होता, आणि तेही फुकट. बैलाच्या पाठीवर जेवढं लादता येतं त्याच्या शे-दोनशे पट माल एका मध्यम पडावात मावतो, आणि पडावाला चारा लागत नाही. जिथवर पडाव येतो तिथवर बैलानं कशाला चालायचं? हा हिशेब ज्यानं केला त्यानं कल्याण वसवलं. हिशेब करणारा कुणी एक राजा नव्हता. दर हंगामात नफा-तोटा मोजणारे शेकडो व्यापारी होते.

बंदर इतकं आत असण्याचे आणखीही फायदे. उघड्या किनाऱ्यावरची लाट इथं पोचत नाही. समुद्रावरचे लुटारू इतक्या चिंचोळ्या पाण्यात शिरायला धजावत नाहीत, कारण ओहोटी लागली की ते चिखलात अडकतील. आणि कल्याणच्या खाली खाडी रुंद होत जाते, काठाला खाजणाचा चिखल असतो; नदी तरून पलीकडे जायला सोईची जागाही हीच. पलीकडे, उत्तरेला, भिवंडी. नाशिकची वाट उत्तर काठानं निघते, पुण्याची दक्षिण काठानं. म्हणून ही दोन गावं इतिहासात जोडीनंच येतात. कागदपत्रांतून 'कल्याण-भिवंडी' असा एकच उच्चार असतो, जणू मधे पाणीच नाही.

अशा बंदराची एक कमजोरी मात्र उघड आहे. त्याचं तोंड दुसऱ्याच्या हातात असतं.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात हे अगदी स्पष्ट दिसतं. तो भडोचनंतरची बंदरं सांगताना सोपाऱ्याचं आणि कल्याणचं नाव घेतो. पूर्वीच्या एका राजाच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती, असं तो म्हणतो. पण सत्ता बदलल्यापासून तिथं व्यापाराला अडथळा आला, आणि चुकून तिथं आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण त्याच पुस्तकात आणखी एक आकडा आहे: पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे आजचं तेर, तिथून आणखी दहा दिवस पूर्वेला. कल्याणला पोचायला पैठणच्या व्यापाऱ्याला याहून बरंच कमी चालावं लागे. म्हणजे समुद्रावर चार जहाजं वळवून कुणीतरी दख्खनच्या अख्ख्या कापसाला आणि गोमेदाला लांबच्या वाटेनं चालायला लावलं होतं. शहराचं स्थान निसर्ग ठरवतो असं आपण म्हणतो. ते चालू ठेवायचं की बंद, हे बऱ्याचदा मुखाशी बसलेला ठरवतो.

सातवाहनांनी घाटाच्या माथ्यावर काय केलं ते नाणेघाटात आजही पाहता येतं. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखरे गाव येतं. तिथून रानातून चढून गेलं की दगडात खोदून काढलेल्या पायऱ्या सुरू होतात आणि शेवटी दोन कातळांमधल्या फटीतून माणूस एकदम देशावर निघतो. या वाटेनं गाडी कधीच गेली नाही. ही लादणीच्या बैलांची वाट. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंची, घोड्यांची, कार्षापणांची यादी आहे, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांमध्ये त्यातल्या आकड्यांची गणना होते. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो. शिलालेखात रांजणाचा उल्लेख नाही. पण जिथून दुसरीकडे निसटता येत नाही अशा फटीच्या तोंडाशी एका राजघराण्यानं आपल्या दानधर्माची जाहिरात कोरावी, यातच जकातीची कल्पना येते. वर जीवधन किल्ला अगदी डोक्यावर उभा आहे आणि पलीकडे चावंड, हडसर, शिवनेरी. एका वाटेच्या राखणीला इतके पहारेकरी असतील तर त्या वाटेवरून काय जात असेल, याचा अंदाज बांधायला रांजणाची गरज नाही. वाट संपते तिथं जुन्नर, आणि जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी. बोरघाटाच्या वाटेवर कार्ले-भाजे-बेडसे, थळघाटाच्या वाटेवर नाशिकची लेणी, आणि समुद्राच्या बाजूला कान्हेरी, जिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. नकाशावर लेणी टिपत गेलं की व्यापारी वाटा आपोआप उमटतात.

सोपाऱ्याबद्दल थोडक्यात. तिथं अशोकाचे शिलालेख सापडले, भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये स्तूप उकरला, म्हणजे ते बंदर कल्याणहूनही जुनं. पण त्याच्यामागे घाटवाट नव्हती. त्याला आतला माल कल्याणच्या किंवा भिवंडीच्या बाजूनंच आणावा लागे. त्याची खाडी गाळानं भरली, तसं ते गाव झालं.

शिवाजी महाराजांनी 1657 च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी घेतली आणि लगेच तिथं जहाजं बांधायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या पायथ्याचं लाकूड खोऱ्यातून खाली येतं आणि भरती दारात आहे, म्हणजे जागा उत्तमच. पण खाडीच्या मुखाशी वसईला पोर्तुगीज होते, मधे ठाण्याला आणि घोडबंदरला पोर्तुगीज होते. कल्याणला बांधलेलं प्रत्येक जहाज त्यांच्या तोफांसमोरून बाहेर काढावं लागणार. पेरिप्लसमधली अडचणच सोळाशे वर्षांनी पुन्हा. मराठा आरमाराचा मुक्काम पुढं दक्षिणेकडच्या जलदुर्गांवर गेला यामागं इतर कारणं आहेतच, पण हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

मुंबईचं दुखणं याच्या नेमकं उलट होतं. तिच्याकडे तोंड होतं, आणि तेही असं की जगातली मोठी जहाजं आत येऊन उभी राहावीत. पण मागं काहीच नव्हतं. बेटाला घाट नसतो. देशावरचा माल पनवेलला किंवा कल्याणला येई आणि तिथून होड्यांनी मुंबईला. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला तरी त्याचं खालचं टोक पनवेलच्या बंदराशीच टेकत होतं. बेटाला दख्खनशी जोडायचं तर आधी खाडी ओलांडावी लागणार, आणि ठाण्याची खाडी मुंबईच्या समोर कित्येक किलोमीटर रुंद. ती पूल बांधण्याइतकी आकसते ती वर ठाण्याशी. म्हणून भारतातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला ठाण्याला गेली. तो नुसता सोहळ्याचा प्रवास नव्हता. गाडी पुलाच्या जागेपर्यंत आली होती. पुढच्याच वर्षी 1 मे 1854 ला ती खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराला वळसा आणि बोगदे घेऊन कल्याणला पोचली. आज मुंबई उत्तरेकडे काकडीसारखी लांबलचक वाढलेली दिसते आणि पूर्वेचा समोरचा किनारा शंभराहून अधिक वर्षं मोकळा राहिला, त्यामागे ठाण्याची ही गळचेपी आहे. वाशीचा पूल 1973 मध्ये झाला आणि मग नवी मुंबई.

कल्याणच्या पुढे काय, हा प्रश्न रेल्वे कंपनीपुढे गंभीर होता, आणि इथं इतिहास थोडक्यात वेगळा झाला असता. कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या सुरुवातीच्या योजनेत गाडी माळशेजच्या अंगानं चढायची होती. कागदावर ते चोख दिसतं. माळशेज मधला, तिथून माथ्यावर गेलं की एक फाटा उत्तरेला आणि एक दक्षिणेला काढता येईल, म्हणजे डोंगर एकदाच फोडायचा. सातवाहनांनाही हीच वाट सोईची होती. पण बैल आणि आगगाडी यांच्यात फरक असा, की बैल पायरी चढतो. इंजिनाला सलग, सौम्य चढ लागतो. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी प्रत्यक्ष मोजणी केल्यावर माळशेज मागे पडला आणि कंपनीनं एका घाटाऐवजी दोन घाट फोडण्याचं ठरवलं: दक्षिणेला बोर, उत्तरेला थळ. याचा अर्थ, माथ्यावर व्हायचा तो फाटा पायथ्याशी आला, म्हणजे कल्याणला. कल्याण जंक्शन झालं ते माळशेज फेटाळल्यामुळे.

बोरघाटात सुमारे 15 मैलांत 1,831 फूट चढायचं होतं, थळघाटात 9 मैलांच्या थोड्या वर अंतरात 972 फूट. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ 37 फुटांमागे एक फूट. बोरघाट 1863 मध्ये उघडला, थळघाट 1865 मध्ये. बोरघाटात एका ठिकाणी डोंगर वळायला जागाच देईना, तेव्हा तिथं 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं: गाडी एका कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेनं पुढे चढायची. 1929 पर्यंत हा प्रकार चालला. आजही लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला आणि कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, ती वर गेल्यावर सुटतात. वंदे भारतला ती लागत नाहीत. 

माळशेज सोडण्याच्या निर्णयाची किंमत जुन्नरनं दिली. दोन हजार वर्षं जे शहर मधल्या वाटेचं टोक होतं, त्याच्याकडे रूळ गेलेच नाहीत. पुणे, लोणावळा, इगतपुरी, मनमाड ही नावं वाढली. मुरबाडकडे रेल्वे न्या ही मागणी जुनी आहे आणि ती समजण्यासारखीही आहे; तीन खोऱ्यांतलं रुळांवाचून राहिलेलं खोरं तेवढं एकच. रस्ता मात्र तिथून जातो. कल्याणहून मुरबाड, माळशेज, ओतूर, नगर करत परभणी-नांदेडमार्गे निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 हा सातवाहनांच्या वाटेचाच डांबरी वारस.

खुद्द कल्याण शहरात हे सगळं पायाखाली सापडतं. दुर्गाडी किल्ल्यापाशी उभं राहिलं की खाली खाडी, पलीकडे भिवंडीकडे जाणारा पूल, आणि एका बाजूला रेतीबंदर. बंदर हा शब्द राहिला, माल रेतीचा झाला. तिथून शहरात शिरलं की लालचौकी, पारनाका, दूधनाका, टिळक चौक. हा जुना गाभा. सतराव्या शतकात मुघलांनी याला तटबंदी घातली होती. इथल्या गल्ल्या अरुंद, वळणाच्या, आणि त्यांचा ओढा खाडीकडे. नाक्यांची नावं सांगतात की इथं गावात येणाऱ्याला थांबवलं जात असे. रस्त्यांची नावं मात्र बाहेरची: आग्रा रोड, मुरबाड रोड. आपल्याकडे बऱ्याच रस्त्यांना पुढाऱ्यांची नावं मिळाल्यामुळे कुठला रस्ता कुठं जातो हे विचारावं लागतं. कल्याणला अजून ती वेळ पूर्ण आलेली नाही.

मग स्टेशन आलं, आणि ते जुन्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीपासून लांब. रेल्वेला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं फाट्यासाठी आणि यार्डासाठी सपाट मैदान. तेव्हापासून शहराचा तोल बदलला. दुकानं, दवाखाने, शिकवण्या, रिक्षा सगळं स्टेशनकडे सरकत गेलं. जुने रस्ते खाडीकडे धावतात आणि गर्दी स्टेशनकडे, आणि या दोन ओढींची गाठ शिवाजी चौकाच्या आसपास पडते. संध्याकाळी सहानंतर तिथं जी कोंडी होते तिला वाहतूक पोलीस कमी पडतात असं बोललं जातं. पोलीस वाढवून ती सुटेल असं मला वाटत नाही. भरतीच्या हिशेबानं आखलेल्या गल्ल्यांतून लोकलच्या वेळापत्रकानं सुटलेली माणसं जाताहेत. त्यात रुळांनी शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले, आणि एकातून दुसऱ्यात जायला पूल मोजकेच. पत्रीपूल 2018 मध्ये पाडला तेव्हा नवा होईपर्यंत लोकांचे जे हाल झाले, त्यावरून या शहराची नस कुठं आहे ते कळलं.

फाट्याच्या दोन रुळांमध्ये जी पाचर राहिली तिचंही एक शहर झालं. जंक्शन जवळ म्हणून दुसऱ्या महायुद्धात लष्करानं तिथं छावणी टाकली. युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरवले. 1949 मध्ये त्या वस्तीला नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. तिथले लोक पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर तीन' असंच सांगतात. कराचीचा माणूस या गावात का आला याचं उत्तर फाळणीत आहे. याच जागी का आला याचं उत्तर रुळांच्या फाट्यात आहे.

नदीकाठानं जाणारी वाट स्वस्त असते, पण ती नदीचीच जमीन असते. 27 जुलै 2019 च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी नौदल आणि आपत्ती दलाच्या बोटींनी बाहेर काढले. ती गाडी वाट चुकली नव्हती. खोऱ्याच्या तळाशी सपाट जमीन आहे म्हणून रूळ तिथं आहेत, आणि ती सपाट आहे कारण पूर येऊन येऊन गाळानं ती तशी केली. मुरबाडच्या वाटेवर रायत्याचा पूल पुरात बंद होतो तोही याच कारणानं. आणि खाली कल्याणात तीन खोऱ्यांचं पाणी एकदम येतं त्याच वेळी जर समुद्राला उधाण असेल, तर खाडी ते घेत नाही. पाणी थांबतं, आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत शिरतं. भरतीनं एकेकाळी गलबत आत आणलं. आता ती पूर बाहेर जाऊ देत नाही. पूर्वी हा तोटा खाजणं आणि शेतं सोसत. तिथं आता इमारती आहेत.

खाडीपलीकडे भिवंडीची गोष्ट वेगळ्या वळणानं तिथंच पोचली. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, यासाठी काल्हेर, पूर्णा, माणकोली या गावांत गोदामं उठली. नाशिक महामार्ग दारात, ठाणे पलीकडे, न्हावाशेवा फार लांब नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि अनेकांना वाटलं की गोदामं ओसरतील. ती वाढली. जकात हे निमित्त होतं; कारण होतं तीन बाजूंच्या वाटा एका काठाला येणं. घरबसल्या मागवलेल्या वस्तूंचे खोके आता तिथूनच मुंबईत सुटतात.

आणि 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा उघडला. नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा रस्ता इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री भेदून भातसाच्या खोऱ्यात उतरतो आणि भिवंडी तालुक्यात आमणे इथं संपतो. आखणी करणाऱ्यांकडे उपग्रहाची छायाचित्रं होती, बोगदे खणणारी यंत्रं होती, घाट टाळायची मुभा होती. तरी खाली उतरल्यावर ट्रक उभा राहतो तो बैल जिथं उभा राहायचा त्याच टापूत, आणि पुढचे काही किलोमीटर काढायला त्याला कधीकधी घाटापेक्षा जास्त वेळ लागतो. बैलाला पुढे पडाव होता. केंद्र सरकारनं 2016 मध्ये वसई खाडी आणि उल्हास नदीतून कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 म्हणून जाहीर केला आहे. ट्रकांच्या रांगेतून तो मार्ग दिसतो, पूल ओलांडताना, डाव्या-उजव्या हाताला.